शटर खाली ओढल्यावर जीएसटीचं काय? नोंदणी रद्द करणं आणि राहिलेली रिटर्न

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सेलू, समुद्रपूर अशा ठिकाणांहून आलेली लहान दुकानदार मंडळी इथे बसली आहेत, आणि बरेच जण हे नंतर वाचणार आहेत. म्हणून कलमांची यादी न देता एकच प्रश्न धरून चालू या. दुकान बंद केलं, तर जीएसटी केव्हा बंद होतो?

आपल्याकडे समज असा की विक्री थांबली, बिलबुक कपाटात गेलं, पाटी उतरवली, की विषय संपला. काही जण तर म्हणतात, "आता धंदाच नाही, तर रिटर्न कशाचं भरायचं?" प्रश्न वाजवी वाटतो, पण कायदा धंद्याकडे बघत नाही, नोंदणीकडे बघतो. तुमचा जीएसटी नंबर जिवंत आहे तोपर्यंत रिटर्न भरण्याची जबाबदारी जिवंत आहे, मग विक्री शून्य का असेना. आणि नंबर आपोआप मरत नाही. तो बंद करावा लागतो.

बंद करण्याची तीन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं, मागची राहिलेली रिटर्न भरणं. दुसरं, नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. तिसरं, रद्द झाल्यानंतरचं अंतिम रिटर्न. बहुतेकांना दुसरं काम माहीत असतं. पहिलं काम टाळलं जातं आणि तिसरं विसरलं जातं. नोटिसा येतात त्या या दोन कामांमुळे.

एक दुकान डोळ्यासमोर ठेवू

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक काल्पनिक दुकान घेऊ. हिंगणघाटातलं पाईप, फिटिंग, वायर, स्विच यांचं दुकान. मालक एकटेच, म्हणजे प्रोप्रायटरी. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या बरीच आत. नेहमीच्या योजनेत आहेत, कंपोझिशनमध्ये नाहीत, आणि रिटर्न तीन महिन्यांनी एकदा भरतात. मालाला १८ टक्के कर.

मालकांची तब्येत बिघडली. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं रिटर्न राहून गेलं. एप्रिल ते जूनमध्ये दुकान जवळपास बंदच होतं, एकही बिल फाडलं नाही, खरेदीही नाही, म्हणून तेही भरलं नाही. जुलैमध्ये थोडी विक्री झाली आणि २० ऑगस्टला त्यांनी दुकान कायमचं बंद केलं. आता त्यांच्या हातात काय काय आहे ते एकेक करून बघू.

पहिलं काम: मागची रिटर्न

तिमाही रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी महाराष्ट्रात तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत भरावं लागतं. म्हणजे पहिलं राहिलेलं रिटर्न २२ एप्रिलचं, दुसरं २२ जुलैचं. मालकांनी दोन्ही २५ ऑगस्टला भरायचं ठरवलं.

इथे एक क्रम आहे, तो चुकवता येत नाही. आधी विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, आणि मग त्या तिमाहीचं ३बी. आणि जुनी तिमाही सोडून पुढची भरता येत नाही. जानेवारी-मार्च भरल्याशिवाय पोर्टल एप्रिल-जून उघडणार नाही. त्यामुळे "शेवटचं तेवढं भरून टाकू" असं होत नाही. सुरुवात सगळ्यात जुन्यापासूनच करावी लागते.

जानेवारी-मार्चमध्ये, समजा सगळी मार्चमधलीच विक्री धरू, क्रेडिट वजा जाता रोखीने ६,००० रुपये कर भरायचा होता. २५ ऑगस्टला उशीर झाला १२५ दिवसांचा. लेट फी दिवसाला ५० रुपये, २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. गुणाकार केला तर ६,२५० होतात. पण दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एका रिटर्नमागे जास्तीत जास्त २,००० रुपये अशी मर्यादा आहे. म्हणून फी २,०००. शिवाय रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज: ६,००० वर १२५ दिवसांचं होतं साधारण ३७० रुपये.

एप्रिल-जूनचं रिटर्न शून्य आहे. उशीर ३४ दिवसांचा. शून्य कराच्या रिटर्नला लेट फी दिवसाला २० रुपये, म्हणजे ६८० रुपये. पण इथे मर्यादा ५०० ची आहे, म्हणून ५००.

सगळं मिळून ६,००० कर, ३७० व्याज आणि २,५०० लेट फी, म्हणजे ८,८७० रुपये. लेट फी आणि व्याज क्रेडिटमधून वळतं करता येत नाही, रोख चलनानेच भरावं लागतं. ही रक्कम मुद्दाम मांडली, कारण राहिलेल्या रिटर्नचा आकडा लोक मनातल्या मनात फार मोठा करून ठेवतात आणि त्या भीतीने आणखी दोन वर्षं पुढे ढकलतात. लहान दुकानाला प्रत्येक रिटर्नमागे मर्यादा आहे. मात्र ती मर्यादा रिटर्नमागे आहे, एकूण नाही. आठ शून्य तिमाह्या राहिल्या तर आठ वेळा ५००, म्हणजे ४,००० रुपये, आणि हे धंदा नसताना.

पुढे ढकलण्यात आता एक नवा धोकाही आला आहे. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं उलटली की ते रिटर्न भरताच येत नाही. कायद्यात ही दुरुस्ती २०२३ साली झाली आणि पोर्टलवर ती ऑगस्ट २०२५ पासून प्रत्यक्ष लागू झाली. तेव्हा जून २०२२ पर्यंतची महिन्याची रिटर्न आणि एप्रिल-जून २०२२ पर्यंतची तिमाही रिटर्न बंद झाली. तेव्हापासून दर महिन्याला एकेक जुना काळ बंद होत जातो. रिटर्न भरता येत नाही याचा अर्थ कर माफ झाला असा नाही. कर तुमच्या नावावर राहतो, फक्त तो स्वतः मांडण्याची संधी हातातून जाते, आणि मग आकडा अधिकारी ठरवतात.

दुसरं काम: अर्ज, आणि त्यातली तारीख

नोंदणी रद्द करण्याचा अर्ज म्हणजे फॉर्म आरईजी-१६. पोर्टलवर लॉगिन केल्यावर तो या वाटेने मिळतो:

```
Services > Registration > Application for Cancellation of Registration
```

कारण विचारलं जातं. धंदा बंद केला, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आली, धंदा दुसऱ्याला दिला, मालकाचं निधन झालं, असे पर्याय असतात. उलाढालीची मर्यादा सांगतो. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्यांना वर्षाला ४० लाख, सेवा देणाऱ्यांना २० लाख. म्हणजे दुकान चालू ठेवूनही, उलाढाल त्याखाली असेल आणि दुसऱ्या कारणाने नोंदणी सक्तीची नसेल, तर नंबर परत करता येतो.

अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, म्हणजे धंदा थांबल्यापासून. आपल्या मालकांनी २० ऑगस्टला थांबवला, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. त्यांनी ३१ ऑगस्टला अर्ज केला आणि रद्द होण्याची तारीखही ३१ ऑगस्ट टाकली.

ही तारीख फार महत्त्वाची. पुष्कळ जण दोन वर्षांनी अर्ज करतात आणि म्हणतात, "धंदा तर दोन वर्षांपूर्वीच बंद झाला, तीच तारीख टाकतो." ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने परिपत्रक ६९ काढलं. त्यात स्पष्ट आहे की रद्द होण्याची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची असू शकत नाही. म्हणजे मधल्या दोन वर्षांची शून्य रिटर्न भरावीच लागतात. महिनाभरात अर्ज केला असता तर ती लागलीच नसती.

त्याच परिपत्रकात तुमच्या बाजूची गोष्टही आहे. अर्ज पूर्ण भरलेला असेल तर अधिकाऱ्यांनी तो स्वीकारून ३० दिवसांत आदेश द्यायचा. शिल्लक मालावरचा कर, ज्याच्याबद्दल पुढे बोलणार आहे, तो अर्जाच्या वेळीच भरला पाहिजे अशी अट नाही, तो अंतिम रिटर्नमध्ये भरता येतो. अर्जात काही त्रुटी असेल तर अधिकारी पोर्टलवरून विचारणा करतात आणि उत्तराला सात कामाचे दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही तर अर्ज फेटाळला जातो आणि नोंदणी पुन्हा चालू राहते. लोकांना वाटतं अर्ज केला, झालं. सहा महिन्यांनी कळतं की विचारणा आली होती, कुणी बघितलीच नाही. म्हणून अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता, मोबाईल आणि ईमेल विचारतात तिथे आपलाच टाका. दुकान सोडल्यावर बंद होणारा नंबर टाकू नका.

अर्ज कुणाकडे जातो? तुमच्या नोंदणी प्रमाणपत्रावर तुमचं कार्यालय राज्याचं की केंद्राचं ते लिहिलेलं असतं. जीएसटी आला तेव्हा ठरलं होतं की दीड कोटीच्या आतल्या करदात्यांपैकी ९० टक्के राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे. म्हणून लहान दुकानं बहुतेक राज्य जीएसटीच्या कार्यालयाकडे असतात. पण गृहीत धरू नका, प्रमाणपत्र बघा. चुकीच्या कार्यालयात चकरा मारणारे लोक असतात.

अर्ज गेल्यावर, अर्जाची तारीख किंवा तुम्ही मागितलेली तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तेव्हापासून नोंदणी निलंबित होते. निलंबनाच्या काळात विक्री करायची नाही आणि त्या काळाचं नेहमीचं रिटर्नही लागत नाही. पण आपल्या मालकांचं बघा. त्यांनी १ जुलै ते २० ऑगस्टमध्ये विक्री केली होती. निलंबन ३१ ऑगस्टपासून आहे. म्हणजे जुलै-सप्टेंबर या तिमाहीचं रिटर्न त्यांना भरावंच लागणार, त्याच्या नेहमीच्या तारखेपर्यंत, म्हणजे २२ ऑक्टोबरपर्यंत. तिमाहीच्या मध्येच नोंदणी संपली तरी त्या तिमाहीचं रिटर्न लागतं. अर्ज केला म्हणून हेच रिटर्न सगळ्यात जास्त विसरलं जातं, आणि पुढे तेच अडून राहतं.

शिल्लक माल: खरा पैसा इथे आहे

आता या विषयातला सगळ्यात जास्त पैशाचा मुद्दा. दुकान बंद होताना गोदामात माल उरतोच. तो घरी नेला, नातेवाईकाला दिला किंवा तसाच ठेवला, तर त्यावर कर लागतो. कारण समजून घ्या. तुम्ही माल घेतला तेव्हा १८ टक्के कर दिला आणि त्याचं क्रेडिट घेतलं. ते क्रेडिट सरकारने एवढ्याचसाठी दिलं की पुढे तो माल विकला जाईल आणि त्यावर कर येईल. आता विक्रीच होणार नाही, तर ते क्रेडिट परत करा, असं कलम २९ चं पाचवं पोटकलम सांगतं.

हिशेब कसा करायचा? रद्द होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या उदाहरणात ३० ऑगस्टला, जो माल आहे तो मोजायचा. त्यावर घेतलेलं क्रेडिट एक आकडा. त्या मालावर विक्रीच्या वेळी लागला असता तो कर दुसरा आकडा. दोन्हींत जो मोठा तो भरायचा.

मालकांकडे खरेदीच्या भावाने १,२०,००० रुपयांचा माल उरला. त्यावरचं क्रेडिट २१,६०० रुपये. माल जुना, आज विकला तर ८०,००० येतील, त्यावर कर १४,४००. मोठा आकडा २१,६००. म्हणजे ८० हजारांच्या मालावर साडेएकवीस हजारांहून जास्त कर.

यंत्रसामग्रीचंही तसंच, फक्त वापर झाला तेवढं कमी होतं. आयुष्य ५ वर्षं, म्हणजे ६० महिने धरतात. दुकानातला संगणक आणि प्रिंटर ४० महिन्यांपूर्वी घेतला, त्यावर ९,००० रुपयांचं क्रेडिट घेतलं होतं. उरले २० महिने, म्हणून ९,००० चा तिसरा भाग, ३,००० रुपये. आजच्या विक्री किमतीवरचा कर यापेक्षा कमी येत असेल तर हेच ३,००० भरायचे.

एकूण २४,६००. मालकांच्या क्रेडिट खात्यात ९,००० शिल्लक होते ते वापरता येतात. उरलेले १५,६०० रोख.

आता हेच दुसऱ्या वाटेने बघा. मालकांनी ३१ ऑगस्टच्या आधी तोच जुना माल पुलगावच्या एखाद्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला ८०,००० ला बिल करून विकला असता, तर कर लागला असता १४,४००. तो कर त्या व्यापाऱ्याने बिलात दिला असता आणि त्याला त्याचं क्रेडिट मिळालं असतं. आपल्या मालकांच्या खिशातून काहीच गेलं नसतं, उलट स्वतःच्या ९,००० च्या क्रेडिटचाही उपयोग झाला असता. कमी भावात विकलं म्हणून खरेदीचं क्रेडिट परत करावं लागत नाही, कारण विक्री झाली आणि कर गेला. फक्त विक्री खरी हवी, बिल खरं हवं, पैसे बँकेतून आलेले हवेत.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. अर्ज करण्याआधी माल संपवा. अर्जात तारीख टाकली की दुसऱ्या दिवशी बिल फाडता येत नाही. क्रेडिट खात्यात उरलेली रक्कमही धंदा बंद केल्यावर रोख परत मिळत नाही. चलनाने भरलेली रोख खात्यातली शिल्लक मात्र अर्ज करून परत मागता येते.

खरेदीची बिलं सापडत नसतील तर मालाची किंमत बाजारभावाने काढावी लागते आणि तो आकडा सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. ज्या मालावर क्रेडिटच घेतलं नव्हतं, उदाहरणार्थ करमुक्त माल, तो या हिशेबात येत नाही.

तिसरं काम: अंतिम रिटर्न

२० सप्टेंबरला रद्द झाल्याचा आदेश आला, तो फॉर्म आरईजी-१९ मध्ये असतो. आता लोक मोकळा श्वास घेतात. अजून एक रिटर्न आहे, जीएसटीआर-१०, ज्याला अंतिम रिटर्न म्हणतात. ते रद्द होण्याची तारीख किंवा आदेशाची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत भरायचं. आपल्या उदाहरणात आदेशाची तारीख नंतरची आहे, म्हणून मुदत २० डिसेंबर. शिल्लक मालाचा वरचा हिशेब यातच जातो. माल शून्य असेल तरी शून्य म्हणून भरावंच लागतं. नंबर रद्द झाला तरी त्याच लॉगिनने ते भरता येतं:

```
Services > Returns > Final Return
```

वर्षअखेरच्या वार्षिक रिटर्नमध्ये आणि यात गोंधळ करू नका. वार्षिक रिटर्न जीएसटीआर-९, २ कोटींच्या आतल्यांना माफ आहे. अंतिम रिटर्न माफ नाही.

आणि हे एकदा भरलं की दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे मालाची यादी आधी कागदावर नीट लिहून घ्या.

उशीर झाला तर लेट फी दिवसाला २०० रुपये, कमाल १०,०००. इथे लहान दुकानाला ३बी सारखी वेगळी सवलतीची मर्यादा नाही. म्हणजे ५० दिवसांतच १०,००० गाठले जातात. भरलंच नाही तर आधी जीएसटीआर-३ए ही नोटीस येते, १५ दिवसांत भरा म्हणून. तरी नाही भरलं तर अधिकारी त्यांच्याकडच्या माहितीवरून कर ठरवतात. तो आकडा तुमच्या गोदामाकडे बघून ठरत नाही, खरेदीच्या आकड्यांवरून ठरू शकतो, त्यामुळे जास्त येतो. तसा आदेश आला तर ६० दिवसांत रिटर्न भरलं की तो मागे घेतला गेला असं मानतात. त्यानंतर आणखी ६० दिवस मिळतात, पण जादा लेट फी देऊन. म्हणून आदेश आल्यावर रडत बसण्यापेक्षा आधी रिटर्न भरा.

कंपोझिशनमध्ये असलेल्यांना एक सूट आहे, जीएसटीआर-१० लागत नाही. त्यांनी तिमाहीचं सीएमपी-०८ आणि त्या वर्षाचं जीएसटीआर-४ तेवढं पूर्ण करायचं. त्यांनी क्रेडिट घेतलेलंच नसतं, म्हणून शिल्लक मालाचा प्रश्नही सहसा येत नाही.

"अधिकाऱ्यांनीच रद्द केलं, तर बरंच झालं ना?"

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच घेतो. तिमाही रिटर्न भरणाऱ्याने लागोपाठ दोन तिमाह्या आणि महिन्याला भरणाऱ्याने लागोपाठ सहा महिने रिटर्न भरलं नाही, तर अधिकारी स्वतःहून नोंदणी रद्द करू शकतात. आपल्या मालकांची नेमकी दोन तिमाह्या राहिल्या होत्या. काही जण म्हणतात, बसून राहू, ते रद्द करतील, आपला अर्ज वाचला.

वाचत काही नाही. मागचा कर, व्याज, राहिलेली रिटर्न, सगळं तसंच राहतं. कलम २९ चं तिसरं पोटकलम हेच सांगतं, रद्द होण्याआधीची देणी रद्द होण्याने संपत नाहीत. अंतिम रिटर्न इथेही लागतं. वर दोन नुकसानं होतात. अधिकारी मागची तारीख धरूनही रद्द करू शकतात, आणि मग त्या मधल्या काळात तुमच्याकडून माल घेतलेल्या व्यापाऱ्यांच्या क्रेडिटवर प्रश्न येतो. ते तुमच्या दारात येतात. दुसरं, पुढे तुम्हाला पुन्हा धंदा करायचा झाला तर त्याच पॅनवर नवा नंबर मागताना जुना इतिहास बघितला जातो. रिटर्न न भरल्याने रद्द झालेली नोंदणी सोडून नवी मागणाऱ्यांचे अर्ज नीट तपासा, फेटाळता येतात, असं मार्च २०१९ च्या परिपत्रकात अधिकाऱ्यांना सांगितलेलं आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, अधिकाऱ्यांनी रद्द केलं आहे, पण मला दुकान चालू ठेवायचं आहे. परत चालू होतं का?

उत्तर: होतं. आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत आरईजी-२१ मध्ये अर्ज करायचा, आणि सबळ कारण असेल तर वरिष्ठ आणखी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतात. पण राहिलेली सगळी रिटर्न आणि देणी आधी भरावी लागतात. आणि ही सोय अधिकाऱ्यांनी रद्द केलेल्यांसाठी आहे. तुम्ही स्वतः अर्ज करून रद्द केली असेल तर ती परत चालू होत नाही, नवी नोंदणी घ्यावी लागते.

प्रश्न: माझे वडील गेले. दुकान त्यांच्या नावावर होतं, आता मी चालवणार आहे. माल घरातच राहतो, त्यावरही कर भरायचा?

उत्तर: नाही, तुम्ही क्रम पाळलात तर नाही. आधी तुमच्या पॅनवर नवी नोंदणी घ्या. मग वडिलांच्या खात्यातून आयटीसी-०२ फॉर्मने क्रेडिट तुमच्या नंबरवर घ्या. त्यानंतर वारस म्हणून त्यांची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करा. माल तुमच्या धंद्यात पुढे विकला जाणार आहे, म्हणून क्रेडिट परत करायचा प्रश्न येत नाही. आधी रद्द करून बसलात तर क्रेडिट नेता येणार नाही. आणि वडिलांची राहिलेली देणी धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाकडे येतात, तीही बघून घ्या.

प्रश्न: सगळं झाल्यावर हिशेबाच्या वह्या रद्दीत द्यायच्या का?

उत्तर: नका देऊ. त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या ठरलेल्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, वह्या आणि बिलं ठेवावी लागतात. आणि महिन्यातून एकदा लॉगिन करून Services > User Services > View Additional Notices/Orders इथे नजर टाका. नोटीस पोर्टलवर टाकली की ती तुम्हाला मिळाली असं धरतात, पोस्टमनची वाट बघत राहू नका.

प्रश्न: व्यवसाय कराचं काय, सर?

उत्तर: चांगली आठवण केलीत. तो वेगळा कायदा आहे, महाराष्ट्राचा. जीएसटी रद्द झाला म्हणून व्यवसाय कराची नोंद रद्द होत नाही. वर्षाला २,५०० रुपये नावावर पडत राहतात. तो अर्ज राज्याच्या महाजीएसटी संकेतस्थळावर वेगळा करायचा. जीएसटी रद्द झाल्याचा आदेश त्याच्यासोबत पुरावा म्हणून जोडा, धंदा कोणत्या तारखेला बंद झाला हे दाखवायला तो उपयोगी पडतो.